फाईलपासून नाही, लॅबच्या रजिस्टरपासून सुरू करा: इंदूरच्या एका इन्फेक्शन कंट्रोल कमिटीला खुलं पत्र

आदरणीय चेअरमन सर, मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम, सगळे युनिट हेड आणि कमिटीचे बाकी मेंबर,

सप्रेम नमस्कार. हॉस्पिटलचं नाव मी इथे लिहीत नाहीये, ते लिहिण्याची गरजही नाही, कारण जे सांगणार आहे ते इंदूरच्या बऱ्याच हॉस्पिटलांत थोड्याफार फरकाने असंच चालतं असं इथल्या सिस्टर मैत्रिणींशी बोलून मला वाटतं. कमिटीची मीटिंग इंग्रजीत होते, वॉर्डात आपण सगळे हिंदी बोलतो, पण कमिटीतले निम्मे जण तर घरी मराठीच बोलतात, दिवाळीला एकमेकांकडे फराळाला जातात, म्हणून म्हटलं एकदा मराठीतच मोकळेपणाने लिहावं. मीटिंगमध्ये माझ्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि त्यात फक्त टक्के वाचून होतात.

टक्क्यांबद्दलच बोलायचंय.

मी इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर. दर सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मेडिसिन वॉर्डात जाते, ज्या पेशंटना अँटिबायोटिक चालू आहे त्यांच्या फायली काढते आणि आपला एक पानाचा ऑडिट फॉर्म भरते. त्यात तीन प्रश्न आहेत. अँटिबायोटिक का दिलं ते लिहिलंय का, किती दिवस द्यायचं ते लिहिलंय का, आणि कल्चर, म्हणजे जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं हे बघायची लॅबची तपासणी, पाठवलंय का. तिन्हीला हो किंवा नाही. महिन्याच्या शेवटी बेरीज करून टक्के काढायचे आणि कमिटीला द्यायचे. मागचे काही महिने आपले आकडे नव्वदच्या वर आहेत आणि मागच्या मीटिंगमध्ये त्याबद्दल वॉर्डाचं कौतुकही झालं. त्या कौतुकाच्या वेळी मी गप्प बसले, पण मला ते बरोबर वाटलं नव्हतं, आणि का वाटलं नव्हतं ते एका पेशंटच्या फाईलवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, पण औषध, वार आणि वेळा जशा होत्या तशाच ठेवल्यात.

अठ्ठावन्न वर्षांच्या काकू, शुगर आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. गुरुवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखतंय, उलट्या होतायत म्हणून ॲडमिट झाल्या. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी काम अगदी चोख केलं, पहिला डोस द्यायच्या आधी युरिन कल्चर घेतलं, दोन वेगवेगळ्या हातातून ब्लड कल्चर घेतलं, आणि मग पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, म्हणजे आपण ज्याला पिपटॅझ म्हणतो ते, साडेचार ग्रॅम दर सहा तासांनी सुरू केलं. शुक्रवारी सोनोग्राफी झाली, किडनीत कुठे अडथळा नाही, पस साठलेला नाही. क्रिएटिनिन ठीक होतं, पोटॅशियम मात्र वरच्या कडेला. ट्रीटमेंट शीटवर लिहिलं होतं "पिपटॅझ × ५ दिवस", आणि फाईलच्या पहिल्या पानावर निदानाच्या जागी "ताप, तपासणी चालू".

शनिवारी काकूंचा ताप उतरला, त्या चहा-बिस्किट खायला लागल्या. त्याच दिवशी दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी लॅबने युरिन कल्चरचा फायनल रिपोर्ट कॉम्प्युटरवर टाकला. ई कोलाय, एक लाखाच्या वर कॉलनी, सिप्रोफ्लॉक्सासिनला रेझिस्टंट, म्हणजे ते औषध लागू पडणार नाही, पण सेफ्ट्रिॲक्सोनला सेन्सिटिव्ह, अॅमिकासिनला सेन्सिटिव्ह, को-ट्रायमॉक्साझोललाही सेन्सिटिव्ह. ब्लड कल्चरमध्ये तोवर काहीच वाढ नव्हती, आणि नंतरही झाली नाही. म्हणजे आजार कुठे आहे, जंतू कोणता आहे, त्याच्यावर साधं कोणतं औषध चालतं, आणि पेशंट सुधारतोय, हे चारही शनिवारी दुपारी माहीत झालेलं होतं. फक्त ते कॉम्प्युटरला माहीत होतं.

रविवारी ड्युटी डॉक्टरांकडे तीन वॉर्ड होते. त्यांनी लिहिलं "सीएसटी". बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हे सीएसटी म्हणजे जे चालू आहे तेच चालू ठेवा, आपल्याकडच्या केस शीटवर हा शब्द इतका येतो की डोळ्यांना तो दिसायचाच बंद होतो. सोमवारी सकाळी दहाच्या राउंडला पुन्हा सीएसटी. रिपोर्टचा कागद सोमवारी दुपारी प्रिंट होऊन आला आणि सोनोग्राफीच्या पाकिटामागे टाचला गेला. मंगळवारी इंट्राकॅथची जागा सुजली, दुसऱ्या हातावर लावावा लागला. बुधवारी काकूंना जुलाब सुरू झाले. ते पिपटॅझमुळेच झाले असं मी छातीठोक म्हणत नाही, पण अँटिबायोटिकवर असलेल्या पेशंटला जुलाब झाले की पहिला संशय तिकडेच जातो. शुक्रवारी रेसिडेंट डिस्चार्ज समरी करायला बसला तेव्हा पाकिटामागचा रिपोर्ट त्याला दिसला. शनिवारी काकू घरी गेल्या, वर पाच दिवसांच्या सेफिक्सिमच्या गोळ्या लिहून. नऊ आणि पाच, चौदा दिवस.

आता मुद्दा. मधल्या त्या सोमवारी अकरा वाजता मी हीच फाईल ऑडिटसाठी उघडली होती. का दिलं? "ताप" लिहिलंय, हो. किती दिवस? "५ दिवस" लिहिलंय, हो. कल्चर पाठवलंय? हो, युरिनही आणि ब्लडही. तीनपैकी तीन. माझ्या हाताने मी त्या फाईलला शंभर टक्के दिले, फॉर्मच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं, आणि त्या क्षणी रिपोर्ट येऊन ४२ तास झाले होते आणि कोणीही तो पाहिलेला नव्हता. माझ्यासकट.

हेच औषध बदललं असतं तर काय झालं असतं तेही सांगते, कारण "एक-दोन दिवस जास्त झाले तर काय बिघडतं" हे मी बऱ्याचदा ऐकलंय. रविवारी सकाळच्या राउंडला कोणी रिपोर्ट पाहिला असता तर पिपटॅझ बंद करून सेफ्ट्रिॲक्सोन दिवसातून एकदा चालू करता आलं असतं. को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्याही रिपोर्टप्रमाणे चालत होत्या, पण टेल्मिसार्टन चालू आणि पोटॅशियम वरच्या कडेला असताना त्या गोळ्यांनी पोटॅशियम आणखी चढू शकतं, म्हणून इथे ते कोणी दिलं नसतं आणि देऊही नये. किडनीचं असं इन्फेक्शन, अडथळा नाही, पस नाही, ताप लवकर उतरलाय, रक्तात जंतू नाही, तर योग्य औषधाचे एकूण सात दिवस पुरतात. गुरुवार पहिला दिवस धरला तर सातवा दिवस बुधवार. म्हणजे रविवार ते बुधवार चार दिवस, चार इंजेक्शनं आणि विषय संपला. प्रत्यक्षात रविवार ते शुक्रवार सहा दिवस रोज चार, असे पिपटॅझचे २४ डोस गेले, आणि वर गोळ्या. चार विरुद्ध चोवीस. प्रत्येक डोस विरघळवणं, लावणं, लाईन फ्लश करणं, नोंद करणं हे वॉर्डातल्या सिस्टरचं काम आहे, ते कोणाच्याच हिशोबात येत नाही, पण ते राहू द्या. पिपटॅझ ज्या जंतूंसाठी राखून ठेवायचं असतं ते जंतू काकूंच्या लघवीत नव्हतेच, एवढंच म्हणायचंय.

सर, मॅडम, माझं म्हणणं असं आहे की आपला फॉर्म शाई मोजतो. डॉक्टरने निर्णय घेतला का हे तो मोजतच नाही. आणि तिन्ही प्रश्नांत हे वेगवेगळ्या तऱ्हेने होतं, म्हणून एकेक घेते.

पहिला प्रश्न, कारण. आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं की अँटिबायोटिक लिहिताना नेमकं कारण लिहाच. नेमकं, हा शब्द महत्त्वाचा. "ताप" हे कारण नाही, ते लक्षण आहे. "टीएलसी वाढलाय", म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्यात, "इन्फेक्शन", "कव्हर म्हणून", यातलं कशावरूनच औषध किती दिवस द्यायचं ते ठरवता येत नाही, आणि माझ्या मते हीच कसोटी धरावी. जे कारण वाचून दुसऱ्या डॉक्टरला दिवस ठरवता येतील तेच कारण. "उजव्या किडनीचं इन्फेक्शन" लिहिलं की सात दिवस डोळ्यांसमोर येतात. "न्यूमोनिया, बाहेरून आलेला" लिहिलं आणि पेशंट सुधारतोय तर पाच दिवस. "डाव्या पायाचा सेल्युलायटिस" लिहिलं की पाच दिवसांनी पाय बघायचा हे कळतं. "ऑपरेशनच्या आधीचा डोस" लिहिलं की तो एकच डोस असतो, फार तर चोवीस तास, आणि तिसऱ्या दिवशी तो चालू दिसला तर काहीतरी चुकलंय हे मला सिस्टर असूनही कळतं. पण "ताप" लिहिलं की काहीच कळत नाही, मग सीएसटी.

याला एक अपवाद ठेवायलाच हवा, नाहीतर डॉक्टर मंडळी चिडतील आणि त्यांचं चिडणं रास्त असेल. पेशंट बीपी पडून आलाय, सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनल्यासारखं वाटतंय, कुठून ते माहीत नाही, तर "सेप्सिस, सोर्स शोधतोय" हे पहिल्या ४८ तासांसाठी पूर्ण मान्य. शॉकमध्ये अँटिबायोटिक पहिल्या तासात गेलं पाहिजे, त्या तासात कोणी फॉर्म भरत बसू नये. पण ४८ तासांनंतरही तेच वाक्य असेल तर मात्र उत्तर "नाही".

दुसरा प्रश्न, दिवस. "× ५ दिवस" असं लिहिणं मला आता धोक्याचं वाटायला लागलंय. कारण ते पाच दिवस मोजायचे कोणी? सकाळची सिस्टर वेगळी, रात्रीची वेगळी, ड्युटी डॉक्टर वेगळे, आणि पहिला दिवस संध्याकाळी सुरू झाला असेल तर तो धरायचा की नाही यावरच तीन मतं असतात. त्याहून मोठी गडबड औषध बदललं की होते. पिपटॅझ पाच दिवस दिलं, मग मेरोपेनेमवर गेलं, की शीटवर पुन्हा "पहिला दिवस" सुरू होतो आणि पेशंट खरं तर सहाव्या दिवशी आहे हे कोणालाच दिसत नाही. अशा फायली मी पाहिल्यात जिथे प्रत्येक औषध आपापल्या हिशोबाने वेळेत संपलं आणि पेशंटला तीन आठवडे अँटिबायोटिक मिळालं.

म्हणून दिवसांचा आकडा नको, तारीख हवी. "बुधवार २२ ला बंद", किंवा निश्चित नसेल तर "शनिवार १८ ला पुन्हा बघणार". पुन्हा बघायची तारीखही चालेल, सुरुवातीला कोणालाच शेवटची तारीख माहीत नसते आणि ती जबरदस्तीने लिहायला लावली तर लोक सवयीने सात टाकतील. मात्र ऑडिटचा प्रश्न तिथे संपत नाही. खरा प्रश्न असा की ती तारीख आली त्या दिवशी काय झालं? औषध थांबलं, किंवा पुढे चालू ठेवायचं कारण लिहिलं, तर "हो". तारीख आली, गेली, आणि औषध तसंच चालू, तर "नाही". काकूंच्या फाईलमध्ये पाचवा दिवस सोमवार होता, म्हणजे माझ्या ऑडिटचाच दिवस, आणि त्या दिवशी औषध मुकाट्याने पुढे गेलं.

आता तिसरा प्रश्न, आणि हे पत्र मी मुख्यतः याच्यासाठी लिहायला घेतलं.

"कल्चर पाठवलं का" हा प्रश्न वाईट नाही, पहिल्या डोसच्या आधी पाठवलं का हे तर विचारायलाच हवं, कारण नंतर पाठवलेल्या कल्चरमध्ये जंतू वाढायची शक्यता कमी होते. पण तो अर्धाच प्रश्न आहे. पाठवलेलं कल्चर परत येतं, आणि ते परत आल्यावर काय झालं हे आपण आजवर एकदाही मोजलेलं नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातल्या २० मोठ्या हॉस्पिटलांत एक पाहणी केली होती, त्यात भरती पेशंटपैकी सुमारे ७२ टक्के लोकांना अँटिबायोटिक चालू होतं, आणि ज्यांना उपचार म्हणून दिलं होतं त्यांच्यातले फक्त ६ टक्के जण असे होते की ज्यांचा जंतू कळल्यावर त्याप्रमाणे औषध चालू होतं. बाकी सगळं अंदाजाने सुरू केलेलं. अंदाजाने सुरू करणं चूक नाही, दुसरा इलाजच नसतो. पण काकूंच्या बाबतीत जंतू कळला होता आणि तरी औषध अंदाजाचंच चालू राहिलं, आणि असे किती असतील हे आपला फॉर्म सांगू शकत नाही.

हे मोजायचं कसं यावर मी बरेच दिवस विचार केला. आधी वाटलं फॉर्ममध्ये "रिपोर्ट पाहिला का" असा एक रकाना वाढवावा. पण मग लक्षात आलं की ज्या फाईलमध्ये रिपोर्ट पोचलेलाच नाही तिथे मी लिहिणार "रिपोर्ट आलेला नाही, लागू नाही", आणि नेमकी काकूंसारखी फाईल हिशोबातून बाहेर जाणार. फाईलमध्ये बघून रिपोर्ट राहिलाय का हे कळत नाही, कारण तो राहिलाय म्हणूनच तो फाईलमध्ये नाही. तेव्हा दिशा उलटी केली पाहिजे. आधी लॅबमध्ये जायचं, मेडिसिन वॉर्डाचे मागच्या सात दिवसांत फायनल झालेले सगळे कल्चर रिपोर्ट काढायचे, तारीख आणि वेळेसकट, आणि मग एकेक घेऊन वॉर्डात त्याची फाईल उघडायची. डिस्चार्ज झालेल्यांची रेकॉर्ड रूममधून मागवायची.

मागच्या दोन आठवड्यांचे मी असे करून पाहिले, माझ्या वेळेत. अकरा रिपोर्ट होते. प्रत्येकासाठी दोनच गोष्टी लिहून घेतल्या, रिपोर्ट फायनल कधी झाला, आणि केस शीटवर त्या रिपोर्टचा उल्लेख करून काय ठरलं याची पहिली नोंद कधी आहे. चोवीस तासांत नोंद असेल तर "हो". अकरापैकी चार. उरलेल्या सातमधले पाच रिपोर्ट शुक्रवार संध्याकाळ ते रविवार या वेळेत फायनल झालेले होते. अकरा हा फार लहान आकडा आहे हे मला कळतं, एक फाईल इकडची तिकडे झाली की नऊ टक्के हलतात, त्यामुळे मी इथे टक्का सांगतच नाहीये आणि कमिटीनेही सांगू नये, "अकरापैकी चार" असंच म्हणावं आणि दर आठवड्याचा ठिपका एका कागदावर मांडत जावं, आठ-दहा ठिपके झाले की वर जातोय की खाली ते आपोआप दिसेल. पण शनिवार-रविवारचं जे दिसलं ते बघून मला काकूंची फाईल नशिबाचा भाग वाटेनाशी झाली. सोमवारी सकाळी नुसत्या फायली बघून शनिवारची चूक कधीच सापडणार नव्हती.

नोंद म्हणजे काय, यावर वाद होणार हे मला माहीत आहे म्हणून आधीच लिहिते. "कल्चर पाहिलं" एवढंच लिहिलेलं मी मोजलं नाही आणि मोजू नये. पूर्वी मी जिथे काम करायचे तिथे ऑडिट सुरू झाल्यावर महिन्याभरात "कल्चर रिव्ह्यूड" असा रबरी शिक्का तयार झाला, तो रोजच्या रोज प्रत्येक पानावर पडायचा, आणि टक्के शंभर झाले. नोंदीत निर्णय हवा. थांबवतोय, साध्या औषधावर आणतोय, इंजेक्शनवरून गोळीवर नेतोय, दुसरं औषध देतोय, किंवा आहे तेच चालू ठेवतोय आणि का. हे शेवटचंही शंभर टक्के मान्य आहे, ऑडिटचा अर्थ औषध कमीच करा असा नाही. रक्तात स्टॅफ ऑरियस निघाला तर कमीत कमी चौदा दिवस द्यावंच लागतं, तिथे कोणी घाईने थांबवलं तर ते जास्त वाईट.

"नो ग्रोथ" हाही रिपोर्टच आहे, हे मला वेगळं सांगावंसं वाटतं. अकरापैकी तीन रिपोर्ट नो ग्रोथ होते आणि तिन्हींवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. जंतू वाढला नाही म्हणजे काही करायचंच नाही असं आपण धरून चालतो, पण डोसच्या आधी घेतलेल्या कल्चरमध्ये ४८ तासांत काहीच आलं नाही आणि पेशंट बरा आहे, तर अँटिबायोटिक हवंच का हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा असतो. उलट्या बाजूलाही खड्डा आहे. कॅथेटर असलेल्या आजोबांच्या लघवीत जंतू आला, ताप नाही, त्रास नाही, तर तो रिपोर्ट बघून औषध सुरू करणं ही चूक, न करणं हा चांगला रिव्ह्यू. ब्लड कल्चरच्या दोन सेटपैकी एकाच सेटमध्ये त्वचेवरचा स्टॅफ आला तर बहुतेक वेळा तो सुई टोचतानाचा असतो. म्हणून निर्णय बरोबर होता का हे मी ठरवणार नाही, मी सिस्टर आहे, ते मॅडमनी महिन्यातून एकदा पाच-सहा फायली घेऊन युनिटच्या डॉक्टरांसोबत बसून बघावं. मी फक्त निर्णय झाला का आणि कधी झाला एवढं मोजेन. या दोन गोष्टी एका फॉर्ममध्ये मिसळल्या की फॉर्म भरणाऱ्याला डॉक्टरांशी भांडावं लागतं आणि मग तो सगळीकडे "हो" लिहायला लागतो.

आणखी एक. नवा फॉर्म झाला की तो मी आणि दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो फार्मसीतल्या कोणी, त्याच दहा फायलींवर वेगवेगळा भरून बघू द्या, एकमेकांना न विचारता. जिथे दोघांची उत्तरं जुळणार नाहीत तिथे व्याख्या ढिली आहे असं समजून ती आधी घट्ट करायची. माझा अंदाज आहे की सगळ्यात जास्त फरक "कारण" या प्रश्नावर पडेल, "ताप, यूटीआय?" याला, म्हणजे लघवीचं इन्फेक्शन असावं अशा शंकेला, मी "हो" देईन का "नाही", माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. प्रश्नचिन्हासकट का होईना जागा लिहिली आहे, म्हणून सध्या तरी मी "हो" देईन.

तर कमिटीकडे माझ्या मागण्या. फॉर्म वर सांगितल्याप्रमाणे बदलावा. ट्रीटमेंट शीटवर अँटिबायोटिकच्या ओळीतच कारण आणि तारीख लिहायला दोन चौकोन छापावेत, पहिल्या पानावर लिहिलेलं निदान चौथ्या दिवशी कोणी उलटून बघत नाही. ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं की लॅब फोन करते तसा शनिवार-रविवारी फायनल झालेल्या सगळ्या रिपोर्टांची एक यादी रविवारी आणि सोमवारी सकाळी आठ वाजता ड्युटी डॉक्टरांच्या हातात पडावी, दोन-चार नावांचीच असते, तीन वॉर्ड सांभाळणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर उघडून शोधायला लावण्यापेक्षा ते सोपं. आणि मीटिंगमध्ये डॉक्टरांची नावं वाचली जाऊ नयेत. काकूंच्या फाईलमध्ये कोणा एकाची चूक मला दिसत नाही. कॅज्युअल्टीने कल्चर वेळेवर घेतलं, लॅबने वेळेवर दिलं, रेसिडेंटने दिसल्याबरोबर विचारलं. मधे रिपोर्ट ज्या जागी पडून राहिला ती जागा कोणाच्याच ड्युटीत नव्हती.

याची दुसरी बाजूही मोजावी असं मला वाटतं. लवकर थांबवलेल्या किंवा साध्या औषधावर आणलेल्या पेशंटपैकी कोणाला सात दिवसांत पुन्हा अँटिबायोटिक सुरू करावं लागलं का, कोणी त्याच इन्फेक्शनसाठी परत ॲडमिट झालं का, याची एक छोटी यादी मी ठेवीन. डॉक्टरांच्या मनात भीती तीच असते, आणि ती खरी आहे का हे आपल्याच वॉर्डाच्या आकड्यांवरून कळलेलं बरं.

मध्य प्रदेशने २०१९ मध्येच, जंतू औषधांना दाद देईनासे होतात या विषयाची, राज्याची योजना काढली, केरळनंतर आपणच दुसरे. ती योजना कुठवर आली हे बघणं माझ्या हातात नाही, तीस खाटांचा एक वॉर्ड आहे.

पुढचा लॅब-रजिस्टरवाला ऑडिट मी येत्या मंगळवारी करतेय, सोमवारी नाही, म्हणजे शनिवार-रविवारच्या रिपोर्टांचे चोवीस तास पूर्ण झालेले असतील. कमिटीतल्या कोणालाही सोबत यायचं असेल तर सकाळी साडेनऊला लॅबच्या काउंटरपाशी भेटा, दहा-बारा फायली असतात, दीड तास लागतो. काकूंची फाईलही मी रेकॉर्ड रूममधून काढून ठेवलीय, ती आधी बघू.

आपली,
इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर, इंदूर